चाळीस मिनिटांची तासिका, पाच जीबीची फाईल

‘सर्व शिक्षक-शिक्षिकांना नमस्कार. येत्या सोमवारपासून वर्गाचं रेकॉर्डिंग शाळेच्या ड्राइव्हवर टाकताना पुढील नियम पाळावेत. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं अपलोड करू नये. आधी संगणकावर घेऊन हँडब्रेकमधून 720p करावं. ऑनलाइन तासिकेचं रेकॉर्डिंग मात्र पुन्हा कॉम्प्रेस करू नये. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवू नयेत. अपलोड झालेली फाईल तपासल्याशिवाय मूळ फाईल डिलीट करू नये.’

एका माध्यमिक शाळेच्या कोऑर्डिनेटर बाईंनी स्टाफला धाडलेल्या पत्राची ही सुरुवात. हल्ली अशी पत्रं बऱ्याच शाळांमधून फिरतात. आजारी मुलांना बुडालेला धडा पाहता यावा, दहावीला उजळणी करता यावी, म्हणून तासिकांचं रेकॉर्डिंग होतं. मग काही महिन्यांत कुणाचा तरी ड्राइव्ह भरतो आणि नियम येतात. स्टाफरूममध्ये त्यावर ‘आता हेही आम्हीच करायचं का?’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि ते म्हणणं रास्तही आहे. पेपर तपासणं, हजेरीपत्रकं, सरकारी पोर्टलवरच्या नोंदी यांच्या डोक्यावर आणखी एक काम येऊन पडतं. पण या पत्रातल्या प्रत्येक ओळीमागे एक कारण आहे, आणि ते कळलं की काम निम्मं होतं. नाहीतर शिक्षक नियम पाळतात, फाईल लहान होते आणि फळ्यावरचं काही वाचता येत नाही.

आधी आकडे पाहू. साध्या अँड्रॉइड फोनवर 1080p ठेवून चित्रीकरण केलं, तर बरेच फोन दर सेकंदाला साधारण 17 मेगाबिट माहिती लिहितात. या वेगाला बिटरेट म्हणतात, आणि फाईलचा आकार ठरवणारी खरी गोष्ट हीच. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला दोन एमबीपेक्षा थोडं जास्त. चाळीस मिनिटांचे 2400 सेकंद. गुणाकार केला की 5.1 जीबी येतात. गूगलच्या वैयक्तिक खात्यावर फुकट मिळणारी जागा 15 जीबी, तीही मेल आणि फोटो यांच्यासह. म्हणजे बीजगणिताच्या तीन तासिका टाकल्या की बाईंचं खातं भरलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मेल येईनाशी झाली.

शाळेचं खातं मोठं असतं, पण अथांग नसतं. शिक्षणसंस्थांना मोफत मिळणाऱ्या गूगलच्या सेवेत पूर्वी जागेला मर्यादा नव्हती; 2022पासून सगळ्या संस्थेला मिळून 100 टीबी अशी मर्यादा आली. तीस शिक्षक, दिवसाला प्रत्येकी पाच तासिका, वर्षाचे दोनशे दिवस धरले तर तीस हजार रेकॉर्डिंग होतात. प्रत्येकी 5.1 जीबी म्हणजे 153 टीबी. सगळं रेकॉर्ड करायचं ठरवलं तर एक वर्षही निभत नाही. त्याच तासिका नीट लहान केल्या की प्रत्येकी साधारण 320 एमबी होतात आणि वर्षाचा हिशेब दहा टीबीच्या आत बसतो. अपलोडचंही तसंच. घरच्या ब्रॉडबँडवर अपलोडचा वेग 10 मेगाबिट असेल तर मूळ फाईल चढायला, मध्ये काहीही न अडखळता, एक तास आठ मिनिटं लागतात. लहान केलेली सव्वाचार मिनिटांत जाते.

सोळापट लहान होऊनही चित्र तेवढंच कसं दिसतं, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तासिकेचं चित्रीकरण हा कॉम्प्रेशनच्या दृष्टीने अगदी सोपा व्हिडिओ असतो. फळा हलत नाही, भिंत हलत नाही, कोपऱ्यातला नकाशा चाळीस मिनिटं तिथेच असतो. हलतात फक्त बाई आणि त्यांचा हात. आजचे बहुतेक व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवले जातात, त्या 2003 साली प्रमाणित झालेल्या H.264 मध्ये दर सेकंदाची तीसही चित्रं पूर्ण लिहिली जात नाहीत. मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितात आणि पुढच्या चित्रांसाठी आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच टिपतात. बदल कमी तर फाईल लहान. फोनही याच पद्धतीने लिहितो, पण त्याला ते त्या क्षणी, बॅटरी सांभाळून करायचं असतं. पुढे काय येणार हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो सावधपणे भरमसाट माहिती लिहून ठेवतो. संगणकाला तीच फाईल सवडीने, पुढचं-मागचं पाहून पुन्हा लिहिता येते.

म्हणून पत्रातला दुसरा परिच्छेद कॉम्प्रेशनबद्दल नसून स्टँडबद्दल आहे, आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटला. ‘फोन हातात धरून किंवा विद्यार्थ्याच्या हातात देऊन चित्रीकरण करू नये.’ हातातला फोन किंचित हलला तरी फळ्याचा प्रत्येक बिंदू जागचा सरकतो आणि हिशेबाच्या दृष्टीने सगळं चित्रच बदललेलं असतं. अंधारी वर्गखोली हे दुसरं दुखणं. उजेड कमी पडला की फोन चित्रात बारीक रवाळ मिसळ करतो, आणि ती दर चित्रात वेगळी असते. कॉम्प्रेशनला तो कचरा आहे हे कळत नाही. तेही तो इमानेइतबारे जपायला जातो. ट्यूबलाइटचं तिसरं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. फोनच्या कॅमेऱ्यात ‘अँटिफ्लिकर’ 60वर असेल तर चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. ते डोळ्यांना त्रास देतात, शिवाय प्रत्येक पट्टा फाईलमध्ये जागा खातो. सेटिंग 50 केलं की दोन्ही गोष्टी मिटतात. एवढं केलं, खिडकीकडची बाजू उजेडाची ठेवली आणि सेटिंगमध्ये 60 ऐवजी 30 फ्रेम निवडल्या, की पुढचं काम हँडब्रेक बिनबोभाट करतो.

हँडब्रेक हा विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. तो फक्त handbrake.fr वरूनच घ्यावा असं पत्रात ठळक अक्षरांत आहे, ते उगाच नाही. मे 2017 मध्ये त्याच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी झाली होती आणि काही दिवस मॅकच्या आवृत्तीबरोबर एक घातक प्रोग्रामही लोकांच्या संगणकांत शिरला होता. शोधयंत्रावर ‘फ्री व्हिडिओ कॉम्प्रेसर’ शोधून पहिल्या दुव्यावर क्लिक करण्याची सवय तर त्याहून वाईट. अशा ऑनलाइन साइटवर मुलांच्या वर्गाची फाईल अनोळखी माणसाच्या संगणकावर जाते, आणि एवढं करून 5 जीबी आधी अपलोड करावेच लागतात.

आत जे निवडायचं ते थोडंच आहे. फाईल ओढून टाकायची, `Fast 720p30` ही तयार जुळणी निवडायची, `Web Optimized` या चौकोनात खूण करायची, आणि `Video` टॅबमध्ये `Constant Quality` ठेवून सरकपट्टी RF 24वर आणायची. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. RF चा आकडा वाढला की दर्जा वाढतो असं वाटतं, पण तो उलटा आहे: आकडा लहान तर चित्र चांगलं आणि फाईल मोठी. ढोबळमानाने सहाने आकडा कमी केला की फाईल दुप्पट होते. 24चा 18 केला तर 320 एमबीची फाईल सहाशेच्या वर जाते आणि फळा पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. 30 केला तर ती निम्मी होते, पण खडूच्या बारीक रेषा विरघळायला लागतात.

काही शिक्षक म्हणतात, मग थेट ‘फाईल 100 एमबीची कर’ असं सांगता येत नाही का? सरासरी बिटरेट ठरवून ते करता येतं. पण मग पूर्ण वेळ कोऱ्या फळ्यासमोर उभं राहून शिकवलेल्या इतिहासाच्या तासिकेला आणि आकृत्यांनी भरलेल्या भूमितीच्या तासिकेला सारखंच माप मिळतं. एकीकडे जागा वाया जाते, दुसरीकडे आकृती धुरकट होते. RF मध्ये आपण दर्जा ठरवतो आणि आकार ज्याचा त्याने ठरवायचा असतो. दोन तासिकांच्या फाईलींचे आकार वेगळे आले म्हणून कुणी घाबरू नये, असं कोऑर्डिनेटर बाईंनी कंसात लिहिलंय ते याचसाठी.

आता 720p का, आणखी लहान 480p का नको? या प्रश्नाचं उत्तर मराठी शाळेत इंग्रजी शाळेपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. समजा फळा बारा फूट रुंद आहे आणि तो चौकटीत काठोकाठ बसवलाय. 720p चित्राची रुंदी 1280 बिंदू. म्हणजे फुटाला शंभराच्या वर, इंचाला जवळजवळ नऊ बिंदू. दोन इंच उंचीचं अक्षर अठरा बिंदूंत बसतं आणि सहज वाचता येतं. पण खडूने दिलेला अनुस्वार पाव इंचाचा असतो, तो दोन बिंदूंचा होतो. 480p मध्ये रुंदी 854 बिंदूंची, इंचाला जेमतेम सहा. त्या अनुस्वाराच्या वाट्याला दीड बिंदू येतो, आणि कॉम्प्रेशन अशा एकट्यादुकट्या पांढऱ्या ठिपक्याला रवाळ कचरा समजून पुसून टाकतं. मग फळ्यावर ‘मंद’ लिहिलं होतं की ‘मद’ हे मुलाला कळायला मार्ग उरत नाही. गणितात तर याहून वाईट: दशांशचिन्ह जातं आणि 2.5 चे 25 होतात. चूक अशी की दिसतसुद्धा नाही. चित्र धुरकट आहे हे डोळ्यांना कळतं. ठिपका नाहीसा झालाय हे कळत नाही, कारण उरलेलं सगळं स्वच्छ दिसत असतं.

यावरून चाचणी कशी घ्यायची तेही ठरतं. कॉम्प्रेस केलेली फाईल उघडून सुरुवातीची दहा सेकंदं पाहून भागत नाही. फळा भरलेला असेल अशी जागा शोधून तिथे थांबवायचं आणि सगळ्यात बारीक खूण वाचता येते का ते पाहायचं: घातांक, अनुस्वार, दशांशचिन्ह. ती वाचता आली नाही तर RF कमी करण्याआधी फोन कुठे ठेवला होता ते आठवावं. बहुतेक वेळा तो शेवटच्या बाकावर असतो, चौकटीचा अर्धा भाग मुलांच्या डोक्यांनी भरलेला असतो आणि फळ्याच्या वाट्याला 1280 पैकी पाचशेच बिंदू आलेले असतात. हे कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. फोन दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत आणायचा आणि दशांशचिन्ह जरा दाबून द्यायचं.

आवाजाबद्दल पत्र दोनच ओळी लिहितं: आवाज मोनो, 64 किलोबिट, त्याहून कमी करू नये. चाळीस मिनिटांचा असा आवाज जेमतेम वीस एमबीचा होतो. तिथे काटकसर करून काही हाती लागत नाही, आणि मुलं खरं तर आवाजावरच शिकतात. चित्र अडखळलं तरी धडा समजतो. आवाज तुटला की व्हिडिओ बंद होतो. पंख्याची घरघर कॉम्प्रेशनमुळे येत नाही, ती मुळातच रेकॉर्ड झालेली असते. त्यावर उपाय पदराला किंवा कॉलरला लावायचा छोटा माइक; हँडब्रेककडे त्याचं औषध नाही.

पत्रातला सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम म्हणजे ऑनलाइन तासिकेचं रेकॉर्डिंग पुन्हा कॉम्प्रेस न करण्याचा. झूम किंवा मीट आपलं रेकॉर्डिंग आधीच अतिशय काटकसरीने लिहितात, कारण पडद्यावर बराच वेळ एकच स्लाइड स्थिर असते. अशी चाळीस मिनिटांची फाईल अनेकदा शंभर एमबीच्या आसपास असते. तिच्यावर हँडब्रेक चालवला तर दर्जा नक्की घसरतो, आणि कधीकधी फाईल उलट मोठी होते. RF ला मूळ फाईल किती लहान होती याच्याशी देणंघेणं नसतं. समोर आलेलं चित्र, त्यातल्या आधीच्या कॉम्प्रेशनच्या चौकटी आणि डागांसकट, ठरलेल्या दर्जाने जपायचं एवढंच त्याला ठाऊक. मराठीच्या एका सरांनी 90 एमबीची फाईल ‘नियमाप्रमाणे’ करून 140 एमबीची केली आणि कोऑर्डिनेटर बाईंना विचारलं, हा काय प्रकार? चूक सरांची नव्हती. त्या वेळच्या नियमांत अपवाद लिहिला नव्हता. तो या पत्रात आला.

व्हॉट्सॲपला बंदी याच कारणाने. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल ते ॲप स्वतःच्या मर्जीने कॉम्प्रेस करतं, आणि फळा पाहायचाय की वाढदिवसाचा केक याचा विचार करत नाही. तिथून उतरवून पुन्हा हँडब्रेकमधून काढली की दोनदा कॉम्प्रेस झालेली फाईल हाती येते. झालेलं नुकसान परत भरून निघत नाही. अगदीच नाइलाज असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी 2 जीबीपर्यंतची फाईल जाते आणि तिला कुणी हात लावत नाही.

`Web Optimized` या खुणेचं काम समजून घेण्यासारखं आहे. mp4 फाईलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि फोन ती चित्रीकरण संपल्यावर, फाईलच्या शेवटी लिहितो. म्हणूनच रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली तर पाच जीबीची फाईल असूनही ती उघडत नाही: मजकूर आहे, अनुक्रमणिका नाही. केबलने कॉपी करताना मध्येच केबल निघाली तरी तेच. ती खूण केली की हँडब्रेक अनुक्रमणिका पुढे आणून ठेवतो, आणि सगळी फाईल उतरण्याची वाट न पाहता व्हिडिओ सुरू होऊ शकतो. दिवसाला दीड जीबीचं पॅक असलेल्या घरातल्या मुलाला याचा अर्थ बरोबर कळतो. त्याचा डेटा संपल्यावर वेग 64 किलोबिटवर आला, तर 320 एमबीसुद्धा उतरायला अकरा तास लागतील; निदान आधीची दहा मिनिटं तरी पाहून झालेली असतात.

फाईलच्या नावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. `2025-07-14_8B_Ganit_03.mp4` असं, वर्ष आधी, मध्ये जागा न सोडता. तारीख अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते. ‘नवीन फायनल 2’ अशा नावांचं काय होतं ते शिक्षकांना परीक्षेच्या पेपरांवरून ठाऊक आहे.

अपलोड करताना ब्राउझरची खिडकी बंद केली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर काम अर्धवट राहतं. म्हणून पत्रात ‘संगणकावरचं ड्राइव्ह ॲप वापरावं’ असं आहे. नेट गेलं तरी ते राहिलेलं काम पुढे नेतं. फाईल चढल्यावर लगेच उघडली तर चित्र धुरकट दिसतं किंवा ‘प्रोसेसिंग’ असं येतं. ड्राइव्ह पाहण्यासाठी स्वतःच्या लहान आवृत्त्या तयार करत असतो, त्याला वेळ लागतो. तेवढ्यावरून फाईल बिघडली असं समजून पुन्हा चढवू नये. तास-दोन तासांनी पाहावं. तपासायच्या गोष्टी तीन: लांबी मूळ फाईलइतकीच आहे का, शेवटच्या मिनिटावर उडी मारली तर तिथे चित्र आहे का, आणि मधल्या कुठल्याही ठिकाणी ओठ आणि आवाज जुळतात का. फोनचा फ्रेमचा वेग कमी-जास्त होत असल्याने आवाज हळूहळू मागे-पुढे सरकू शकतो आणि ते सुरुवातीला कळत नाही. तिसाव्या मिनिटाला कळतं. हे जुळेपर्यंत मूळ फाईल फोनमध्येच ठेवायची.

मुलांबद्दलचा भाग पत्राच्या शेवटी आहे, तो खरं म्हणजे वर हवा होता. कॅमेरा फळ्याकडे, बाकांकडे नाही. हजेरी घेऊन झाल्यावर रेकॉर्डिंग सुरू करायचं, म्हणजे सगळ्यांची नावं फाईलमध्ये जात नाहीत. ड्राइव्हवर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडायचा नाही. शाळेच्या खात्यांपुरतंच उघडं ठेवायचं. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाकलं की सुरक्षित, असा समज आहे, पण अनलिस्टेड म्हणजे फक्त शोधात न येणारं. लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो, आणि लिंका पालकांच्या गटांतून कुठवर जातात ते सांगायला नको. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची सगळी व्यक्ती ‘बालक’ धरली आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. दहावीचाच काय, बारावीचा वर्गही यात येतो.

पत्र गेल्यावर दोन हरकती आल्या. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, दोलकाचे झोके मुलांना मोजायला लावायचे तर 30 फ्रेम पुरतात का, आणि सूक्ष्मदर्शकाखालची कांद्याची साल 720p मध्ये दिसते का. झोके मोजायला 30 फ्रेम भरपूर. सालीचं मात्र त्यांचं म्हणणं बरोबर होतं: पेशींच्या भिंती म्हणजे सगळ्या बारीक रेषाच, तिथे 1080p आणि RF 20 लागतो. दुसरी हरकत संगीताच्या सरांची. हार्मोनियम आणि तबला 64 किलोबिट मोनोत पोकळ वाजतात, असं ते म्हणाले. बाईंनी दोन्ही अपवाद पत्राखाली हातानेच लिहून पत्र पुन्हा स्कॅन केलं: प्रयोगांसाठी 1080p, RF 20, संगीतासाठी स्टीरिओ, 160 किलोबिट, चित्र 720p च राहील.